तारका लागलेली एक ओळ

मोबाइलवर एक फोटो येतो. कुठल्याशा परिषदेत भिंतीवर लावलेल्या पोस्टरचा. फोटो जरा तिरका आहे, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक आली आहे, पण तक्ता वाचता येतो. संध्याकाळी फिल्टर कॉफी पिणारे साठ जण आणि न पिणारे साठ जण, असे दोन गट. डावीकडे एकाखाली एक वीस मोजमापं: वरचा रक्तदाब, खालचा रक्तदाब, नाडी, हिमोग्लोबिन, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, कॅल्शियम, वजन, झोपेचे तास, आणि असंच पुढे. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात पी-व्हॅल्यू. ०.४४, ०.८१, ०.१७, ०.६२... आणि कॅल्शियमच्या ओळीत ०.०२१. तेवढाच आकडा जाड ठशात, डोक्यावर तारका. फोटोखाली पाठवणाऱ्याचा मजकूर: ‘कॉफीनं कॅल्शियम कमी होतं. आता तर सिद्धच झालं.’

हा तक्ता मी इथे समजावण्यापुरता रचला आहे. पण असा तक्ता ज्यानं पाहिला नाही असा वैद्यकीयचा, मानसशास्त्राचा किंवा शेतकी कॉलेजचा विद्यार्थी सापडणं कठीण. वीस ओळी, एकोणीस साध्या, एक तारकावाली. आपली नजर थेट तारकेवर जाते आणि उरलेल्या एकोणीस ओळी डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशा होतात. गंमत अशी, की तारकेचा अर्थ लावायला लागणारी सगळी माहिती त्या न पाहिलेल्या एकोणीस ओळींतच असते.

पी-व्हॅल्यू म्हणजे काय ते आधी साध्या शब्दांत सांगतो. समजा दोन गटांत मुळात काहीच फरक नाही, कॉफीचा कॅल्शियमशी काडीचा संबंध नाही. तरीही साठ-साठ माणसांची सरासरी काढली की थोडा फरक पडणारच, कारण माणसं वेगवेगळी असतात. निव्वळ अशा योगायोगानं आपल्याला दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक पडण्याची शक्यता किती, ती पी-व्हॅल्यू. ०.०२१ म्हणजे शंभरात साधारण दोनदा. आर. ए. फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं १९२५ साली आपल्या पुस्तकात विसात एक, म्हणजे ०.०५, ही सोयीची मर्यादा सुचवली आणि ती जगभर रूढ झाली. कॅल्शियमची ओळ तिच्या आत बसते. मग अडचण कुठे आहे?

अडचण ‘शंभरात दोनदा’ या हिशेबात आहे. तो हिशेब एकाच प्रश्नाचा आहे. इथे प्रश्न वीस विचारले गेलेत, आणि ज्याचं उत्तर सगळ्यांत नवलाचं आलं तोच आपल्यापुढे धरला गेलाय.

आता जी गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते ती सांगतो. संबंध मुळीच नसेल, तर पी-व्हॅल्यू ०.०५ च्या आत येण्याची शक्यता ५ टक्के, ०.२ च्या आत येण्याची २० टक्के, ०.७ च्या आत येण्याची ७० टक्के. व्याख्याच तशी आहे. म्हणजेच शून्य ते एक या अंतरात ती कुठेही पडू शकते, आणि सगळ्या जागा सारख्याच शक्यतेच्या. शाळेतली एक मीटरची लाकडी पट्टी घ्या आणि डोळे मिटून तिच्यावर वीस ठिपके टाका. वीस ठिपक्यांनी पट्टीचे एकवीस तुकडे होतात. एका खेपेला तुकडे लहानमोठे पडतील, पण पुष्कळ खेपा केल्या तर कुठल्याच तुकड्याला झुकतं माप मिळण्याचं कारण नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याची सरासरी लांबी सारखीच, मीटरचा एकविसावा भाग. पहिला ठिपका सरासरीनं कुठे? पट्टीच्या टोकापासून पावणेपाच सेंटिमीटरच्या जरा पुढे. १ ÷ २१ म्हणजे ०.०४८.

जरा थांबून पुन्हा वाचा. ज्या तक्त्यात काहीही नाही, वीसच्या वीस ओळी पोकळ आहेत, त्या तक्त्यातली सगळ्यांत छोटी पी-व्हॅल्यू सरासरीनं ०.०४८ असते. फिशरच्या मर्यादेच्या बरोबर आत. पोकळ तक्त्याला तारका मिळणं हा अपवाद नाही, तोच त्याचा नेहमीचा स्वभाव आहे.

विश्वास बसत नसेल, तर संख्याशास्त्राचे विद्यार्थी रोज वापरतात त्या आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही एक ओळ चालवून पाहा. वीस पोकळ पी-व्हॅल्यूंतली सर्वांत लहान घे, असं दहा हजार वेळा कर आणि सरासरी सांग, एवढंच ती सांगते.

```
mean(replicate(10000, min(runif(20))))
```

उत्तर दर वेळी ०.०४८ च्या आसपासच घुटमळतं.

याच गोष्टीची दुसरी बाजू बघू. एका पोकळ ओळीला तारका न मिळण्याची शक्यता ०.९५. ओळी एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर विसांपैकी एकीलाही न मिळण्याची शक्यता ०.९५ ला स्वतःनेच वीस वेळा गुणून मिळते: ०.३६. म्हणजे अशा शंभर पोकळ तक्त्यांपैकी चौसष्टांत निदान एक तरी तारका झळकेलच. आपल्या फोटोतला आकडा ०.०५ पेक्षा बराच लहान आहे, त्यामुळे त्याचा वेगळा हिशेब करायला हवा. ०.९७९ ला वीस वेळा गुणलं की ०.६५ येतात. म्हणजे पोकळ तक्त्यांपैकी पस्तीस टक्क्यांत ०.०२१ किंवा त्याहून लहान आकडा कुठे ना कुठे दिसेल. ‘शंभरात दोनदा’ वाटलेली गोष्ट प्रत्यक्षात तिनात एकदा घडणारी निघाली. कॉफीला यात दोषही देता येत नाही आणि तिला निर्दोषही ठरवता येत नाही. हा तक्ता तिच्याबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाही, एवढंच.

यावरचा सगळ्यांत जुना आणि सोपा उपाय म्हणजे मर्यादेलाच ओळींच्या संख्येनं भागायचं. ०.०५ ÷ २० म्हणजे ०.००२५. ओळ याच्या आत आली तरच तारका द्यायची. किंवा उलट, पी-व्हॅल्यूला विसानं गुणायचं: ०.०२१ × २० म्हणजे ०.४२, तारका गेली. याला बॉन्फेरोनी दुरुस्ती म्हणतात. नाव इटलीच्या कार्लो बॉन्फेरोनीचं, कारण त्यामागची असमानता त्यानं १९३६ मध्ये मांडली होती. पण अनेक चाचण्यांसाठी ती नीट उलगडून वापरात आणली अमेरिकेतल्या ऑलिव्ह जीन डन यांनी, साधारण १९६० च्या सुमारास. बाईंचं नाव मागे पडलं, हे काही नवीन नाही.

बॉन्फेरोनी कडक आहे, कधी गरजेपेक्षा जास्त. वरचा आणि खालचा रक्तदाब हातात हात घालून चालतात. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही. म्हणजे वीस ओळींत वीस स्वतंत्र प्रश्न नसतात, कदाचित बारा-चौदाच असतात, आणि विसानं भागणं म्हणजे थोडा अन्याय. खरा पण बारीकसा परिणाम या कडकपणात हरवूही शकतो. ही तक्रार रास्त आहे आणि पुढे चेन्नईच्या अण्णा नगरला पोचल्यावर ती पुन्हा भेटेल.

पण आधी फोटो. फोटोची खरी मर्यादा अशी, की त्यात दिसतात तेवढ्याच ओळी आपण मोजतो. फोटो काढणाऱ्यानं तक्त्याचा खालचा भाग कापला असेल, तर तिथली टीप गेली. आणि ‘दुरुस्तीनंतरच्या पी-व्हॅल्यू’ हे शब्द असतात ते तिथेच. चमकेमुळे ०.००२१ चा ०.०२१ दिसू शकतो आणि एका शून्यानं सगळा निकाल फिरतो, कारण ०.००२१ दुरुस्तीच्या चाळणीतूनही पार झाला असता. काही सॉफ्टवेअर ‘०.०००’ असा आकडा छापतात. तो शून्य नसतो, फक्त तीन दशांश स्थळांत न मावणारी लहान संख्या असते. त्या ओळीला गुणायचं तर मूळ आकडा मागावाच लागतो.

याहून वाईट म्हणजे ज्या ओळी छापल्याच गेल्या नाहीत त्या. समजा, संशोधकानं आधी पुरुष-बायका वेगळे करून पाहिले, मग चाळिशीच्या आतले-बाहेरचे, मग दिवसाला एक कप आणि तीन कप. अशा सहा गटांपैकी प्रत्येकात वीस चाचण्या. त्यातल्या त्यात बरा दिसलेला तक्ता पोस्टरवर आला. आता भागायचं विसानं की एकशेवीसानं? हे फोटोवरून कधीच कळणार नाही. वैद्यकीय उपचारांच्या चाचण्यांपुरता यावर आपल्याकडे एक चांगला इलाज आहे. भारतात अशा चाचण्यांची नोंद २००७ पासून ctri.nic.in या सरकारी नोंदवहीत होते आणि जून २००९ पासून ती सक्तीची आहे. पहिला रुग्ण घेण्याआधी तिथे लिहून द्यावं लागतं, की आमचा मुख्य प्रश्न हा आणि दुय्यम प्रश्न हे. फोटोतली तारकावाली ओळ नोंदवहीत मुख्य म्हणून आधीच लिहिलेली असेल, तर ती एकट्या प्रश्नाच्या मापानं मोजायला हरकत नाही. दुय्यमांच्या गर्दीत असेल किंवा नोंदवहीत नसेलच, तर तिला गर्दीचंच माप लावायचं.

आता पुण्याला जाऊ, कारण तिथे एक तक्ता झाला जो महाराष्ट्रात पुष्कळांना आठवत असेल, पण या अंगानं कुणी फारसा पाहिलेला नाही. २००८ साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पाठवल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलाची कुंडली कुठली आणि मतिमंद मुलाची कुठली ते सांगा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. निकाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणं उडवून जे जमलं असतं त्याहून जराशी कमीच. सगळ्यांत वरचा ज्योतिषी चाळिसांपैकी चोवीस बरोबर.

हा सत्तावीस ओळींचा तक्ता आहे, प्रत्येक ओळीत एक ज्योतिषी. समजा सत्तावीसही जण डोळे मिटून नाणं उडवत आहेत. त्यांच्यातल्या सगळ्यांत नशीबवानाला किती गुण पडावेत? पट्टीचा नियम लावा: १ ÷ २८ म्हणजे ०.०३६. एका माणसाला चाळीस नाण्यांत सव्वीस किंवा जास्त ‘बरोबर’ मिळण्याची शक्यता ०.०४० आहे, म्हणजे जवळजवळ तेवढीच. तेव्हा सत्तावीस आंधळ्या नाणेफेक्यांतला पहिला नंबर सव्वीसच्या आसपास यायला हवा. गणित नीट केलं तर त्यांच्यातल्या एखाद्याला तरी सव्वीस किंवा जास्त मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे.

पुण्यात कुणाला सव्वीस मिळाले असते, तर काय झालं असतं ते डोळ्यांपुढे आणा. त्या एका ओळीचा फोटो फिरला असता: पासष्ट टक्के अचूक, पी-व्हॅल्यू ०.०४, शास्त्रज्ञांच्याच मापानं सिद्ध! आणि ती ओळ खोटी नसती. गुण खरेच पडलेले असते. खोटा असता तो फक्त तिच्याभोवतीच्या सव्वीस ओळी कापून टाकणारा फोटो. सत्तावीस जणांच्या गटात एका ज्योतिषाकडे खरंच कौशल्य आहे म्हणायचं तर बॉन्फेरोनीच्या मापानं चाळिसांपैकी तीस बरोबर यायला हवे होते. चोवीस हा आकडा नशिबाच्या नेहमीच्या कमाईलाही पोचला नाही. माझ्या मते या चाचणीतली सगळ्यांत देखणी गोष्ट हीच, की तिचा सगळा तक्ता मांडला गेला.

आता अण्णा नगर. चेन्नईच्या पश्चिमेकडची आखीव रस्त्यांची ही वस्ती १९६८ च्या व्यापारमेळ्यासाठी उभारलेल्या मनोऱ्यामुळे ओळखली जाते. तिच्या पश्चिम विस्तारात स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘स्कार्फ’, ही संस्था आहे. भारतातल्या पहिल्या महिला मानसोपचारतज्ज्ञ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या डॉ. शारदा मेनन यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या ब्रायन माउरी यांच्या गटाबरोबर एक प्रश्न घेतला: स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांच्या जनुकीय मजकुरात नेमका फरक कुठे आहे? माणसं जमवायचं काम २००१ पासून २०१६ पर्यंत चाललं. १,३२१ रुग्ण, ८८५ त्यांच्या कुटुंबांतली माणसं आणि ८८६ इतर, मिळून ३,०९२ जण. निबंध २०१९ मध्ये ‘जामा सायकियाट्री’त आला.

या कामातला तक्ता कल्पनेत आणणं अवघड आहे. माणसाच्या डीएनएमध्ये तीनशे कोटी अक्षरं. त्यांतली बहुतेक सगळ्यांची सारखीच असतात, पण लाखो जागा अशा आहेत जिथे काहींचं एक अक्षर, काहींचं दुसरं. प्रत्येक जागेला एक ओळ. प्रत्येक ओळीत एकच प्रश्न: हे अक्षर रुग्णांत जास्त वेळा दिसतं का? आणि प्रत्येक ओळीशेवटी एक पी-व्हॅल्यू. दहा लाख ओळी धरल्या आणि कागदावर चाळीस ओळी मावतात म्हटलं, तर पंचवीस हजार पानं होतात. फिशरची ०.०५ ची मर्यादा इथे लावली, तर निव्वळ नशिबानं पन्नास हजार तारका उगवतील. पट्टीचा नियम सांगतो, की पोकळ तक्त्यातही सगळ्यांत लहान पी-व्हॅल्यू दहा लाखांत एकच्या आसपास असेल. दहा लाखांत एक! एरवी इतका आकडा दिसला तर कुणीही पैजेवर घर लावेल, आणि इथे तो नशिबाचा रोजचा हिशेब आहे.

म्हणून या क्षेत्रात ०.०५ ला दहा लाखांनी भागतात: ०.०००००००५, म्हणजे दोन कोटींत एक. ओळी प्रत्यक्षात दहा लाखांहून कितीतरी जास्त असतात, तरी भागाकार दहा लाखांनीच, कारण मघाची रक्तदाबाची गोष्ट इथेही आहे. डीएनएवरच्या शेजारच्या जागा पिढ्यान्पिढ्या गटागटानं वारशात येतात, एक अक्षर कळलं की शेजारचंही बरंचसं कळतं. युरोपीय वंशाच्या लोकांत अशी गोळाबेरीज करून स्वतंत्र प्रश्न साधारण दहा लाख भरतात असा अंदाज निघाला आणि तो आकडा सर्वत्र रुजला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे गट लहान असतात, त्यामुळे तिथे स्वतंत्र प्रश्न अधिक. म्हणजे ही मर्यादासुद्धा कुणाचा तरी इतिहास पोटात घेऊन आलेली आहे.

अण्णा नगरच्या तक्त्यात एक जागा या मर्यादेपलीकडे गेली. आठव्या गुणसूत्रावरची ती जागा, नोंदीतलं तिचं नाव rs10866912. पी-व्हॅल्यू ०.०००००००४३५, म्हणजे दोन कोटी तीस लाखांत एक. मर्यादा दोन कोटींत एक. दहा लाख ओळींचा तक्ता, अठरा वर्षांचं काम, आणि एक ओळ उंबरठ्यावरून जेमतेम पाय आत टाकते. तिचा परिणामही बेताचा: ते अक्षर असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे सव्वापट. मुळात हा आजार शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी लोकांना होतो, तेव्हा एकेका माणसाच्या बाबतीत या सव्वापटीनं काहीच भाकीत करता येत नाही. शिवाय ज्या ओळी अशा जेमतेम उंबरठा ओलांडतात, त्यांचा दिसलेला परिणाम खऱ्यापेक्षा थोडा फुगलेला असतो. नशिबानं हात दिला नसता, तर त्या ओलांडू शकल्या नसत्या.

त्या जागेच्या आसपास NAPRT1 नावाचं जनुक आहे. आहारातल्या नायसिनचं, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं, पेशीला वापरता येईल असं रूप करण्याच्या कामात ते लागतं. इथे कान टवकारतात. नायसिन कमी पडलं की पेलाग्रा होतो, आणि पेलाग्रात त्वचेबरोबर मनही बिघडतं. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा का आढळतो यावर हैदराबादला सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास महत्त्वाचं काम केलं होतं. सगळं कसं जुळून येतं! आणि नेमकं म्हणूनच मी इथे हात आखडता घेतो. दहा लाख ओळींतली दुसरी कुठलीही ओळ पुढे आली असती, तरी तिच्या शेजारी काही ना काही जनुक सापडलं असतं आणि त्यालाही एखादी गोष्ट जुळली असती. गोष्ट जुळणं हा पी-व्हॅल्यूचा वेगळा साक्षीदार नव्हे. तो तारका पाहून नंतर बोलावलेला साक्षीदार आहे. संशोधकही नुसत्या गोष्टीवर थांबले नाहीत. त्यांनी झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणात हे जनुक दाबून पाहिलं, तेव्हा मेंदूची वाढ बिघडलेली दिसली. हा वेगळा प्रयोग आहे आणि त्याला वजन आहे, फक्त तो सांगतो ते जनुकाबद्दल, आठव्या गुणसूत्रावरच्या त्या एका अक्षराबद्दल नाही.

त्या अक्षराची खरी परीक्षा दुसऱ्या माणसांत. जगभरच्या रुग्णांची माहिती एकत्र करणारा सायकियाट्रिक जिनॉमिक्स कन्सॉर्शियम हा मोठा संघ आहे. त्यांच्या नोंदींत हीच जागा पाहिली, तर फरक दिसला नाही. मग काय समजायचं? दोन शक्यता, आणि निबंधातला कुठलाच आकडा त्यांच्यात निवाडा करत नाही. एक म्हणजे ही ओळ नशिबानंच उंबरठा ओलांडून आली. दुसरी म्हणजे संघातले रुग्ण बहुतांशी युरोपीय वंशाचे आहेत आणि दक्षिण भारतीयांत ही जागा ज्या शेजाऱ्यांबरोबर वारशात येते ते शेजारीच तिकडे वेगळे आहेत. आपल्याकडे ती खऱ्या कारणाची खूण असेल, तिकडे नसेल. दुसरी शक्यता ऐकायला गोड आहे, आणि न जमलेल्या प्रत्येक पडताळणीला ती लावता येते, म्हणून मी तिला पहिलीपेक्षा जास्त गुण देणार नाही. पण खोडूनही टाकणार नाही. भारतीयांचे असे तक्ते अजून फार थोडे आहेत.

पडताळणीतली एक गोष्ट मात्र मनाला फार सुखावणारी आहे. दहा लाखांनी भागायची शिक्षा ओळ निवडताना भोगायची असते. एकदा निवडलेली ओळ घेऊन नव्या माणसांकडे गेलं की शिक्षा संपते, कारण तिथे प्रश्न एकच उरतो. पुण्यात चोवीस बरोबर देणाऱ्या ज्योतिषाला नव्या चाळीस कुंडल्या दिल्या असत्या, तर त्याला तीस आणायची गरज नव्हती. एकट्या प्रश्नाचं माप लावायचं असल्यामुळे सव्वीस पुरले असते. कॉफीवाल्यांनी नवे साठ-साठ जण घेऊन फक्त कॅल्शियम मोजलं आणि ०.०२१ आले, तर ती तारका खरी धरायला मी पहिला पुढे येईन. आणि rs10866912 साठी आता दोन कोटींत एक नको आहे. तमिळनाडूतले, महाराष्ट्रातले, कुठलेही काही हजार नवे भारतीय रुग्ण आणि तेवढेच निरोगी, आठव्या गुणसूत्रावरची एक जागा, आणि फिशरची विसात एक ही साधी मर्यादा. त्या तक्त्यात ओळ एकच असेल, आणि तिचा फोटो काढताना कापायला काही उरणार नाही.